हायड्रोजनच्या रेषा : ऊर्जेतला फरक आणि तरंगलांबी

इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवरून खाली येतो, तेव्हा दोन पातळ्यांमधला फरक एका फोटॉनच्या रूपाने बाहेर पडतो. E = hc/λ; म्हणजे फरक जितका मोठा, तितकी तरंगलांबी कमी.

• इलेक्ट्रॉन कुठे येऊन थांबतो, त्यावरून श्रेणी ठरते. n = 1 वर लायमन (अतिनील), 2 वर बामर (पहिल्या चार रेषा डोळ्यांना दिसणाऱ्या), 3 वर पाश्चेन (अवरक्त).

• प्रश्न : बामर श्रेणीतील सर्वाधिक तरंगलांबी किती?
पातळीची ऊर्जा −13.6/n² इलेक्ट्रॉन-व्होल्ट. सर्वांत लहान फरक 3 → 2 चा : −1.51 − (−3.40) = 1.89. hc म्हणजे 1240 इलेक्ट्रॉन-व्होल्ट-नॅनोमीटर; त्याला 1.89 ने भागले की 656 नॅनोमीटर, म्हणजे लाल रेषा.

• इथे हमखास होणारी चूक म्हणजे ∞ → 2 धरणे. तो फरक सर्वांत मोठा, 3.40, त्यातून 365 नॅनोमीटर ही श्रेणीची सीमा, म्हणजे सर्वांत कमी तरंगलांबी मिळते. उत्तर 656 पेक्षा कमी आले, तर पातळ्या पुन्हा तपासाव्यात.

• 3 → 1 साठी 3 → 2 आणि 2 → 1 यांच्या ऊर्जांची बेरीज चालते (1.89 + 10.20), तरंगलांबींची नाही. खरे उत्तर सुमारे 103 नॅनोमीटर.