आजारात बुडालेले क्लासचे दिवस : मागणी कशी करावी?

जव्हार-मोखाड्याकडची पुष्कळ मुले बारावीच्या किंवा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी नाशिकला खोली घेऊन राहतात. भाताचे पैसे आले की फीचा हप्ता जातो. आवणीच्या दिवसांत मूल तापाने घरी परतले आणि महिनाभर अंथरुणाला खिळले, की घरात पहिला प्रश्न निघतो : भरलेल्या पैशांचे काय?

आजारी विद्यार्थ्याला बुडालेल्या दिवसांचे पैसे द्यावेत, असा थेट नियम नाही. केंद्र सरकारने जानेवारी 2024 मध्ये क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पूर्ण फी भरलेला विद्यार्थी मधेच क्लास सोडून गेला, तर उरलेल्या काळाची फी हिशेबाने 10 दिवसांत परत करावी, असे त्यांत आहे. पण ती गोष्ट क्लास सोडणाऱ्याची, आणि त्या सूचना आहेत, कायदा नव्हे. बरा होऊन त्याच क्लासात परत जाणाऱ्याने आधी शिकवणी मागावी, मग पैसे. रेकॉर्डिंग द्यायला क्लासला फारसा खर्च नसतो, म्हणून ते लवकर मिळते.

एक हिशेब करून पाहू. समजा, 40 आठवड्यांच्या वर्गाची फी 48,000 रुपये, म्हणजे आठवड्याला 1,200. मुलाला टायफॉइड झाला आणि 8 जुलै ते 3 ऑगस्ट असे चार आठवडे बुडाले. वजावट मागायची ती 4,800 रुपयांची. आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन लेक्चर धरले तर 72 लेक्चर गेले. चालू वर्ग सांभाळून रोज दोन पाहिले तरी 36 दिवस लागतात, आणि नुकत्याच तापातून उठलेल्या मुलाला तेवढेही झेपत नाही. म्हणून "सगळे द्या" असे मोघम न मागता, ज्या धड्यांवर पुढचे धडे उभे आहेत ते तारखेनिशी आधी मागावेत. कोणते, ते सोबतच्या मित्राच्या वहीवरून कळते.

कागद जमवणे आजाराच्या पहिल्या दिवसापासून सुरू करावे. जव्हारच्या सरकारी रुग्णालयात दाखवले असेल तर केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड फेकू नये. वडिलांनी त्याच दिवशी क्लासला मोबाईलवर निरोप लिहून पाठवावा. नुसता फोन केला तर पुढे पुरावा उरत नाही. बरे झाल्यावर दोन प्रतींत अर्ज द्यावा आणि एका प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्यावी. जाणे जमत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. अर्ज असा असावा :

"मा. व्यवस्थापक साहेब, माझा मुलगा आपल्या वर्गात आहे. पावती सोबत जोडली आहे. टायफॉइडमुळे तो 8 जुलै ते 3 ऑगस्ट गैरहजर होता. आजाराचे कागद जोडले आहेत. सोबतच्या यादीतील लेक्चरची रेकॉर्डिंग त्याच्या खात्यावर द्यावी आणि पाहण्याची मुदत परीक्षेपर्यंत ठेवावी. ती तो दुसऱ्या कोणाला देणार नाही. रेकॉर्डिंग नसेल तर दुसऱ्या तुकडीत त्या धड्यांना बसू द्यावे. तेही शक्य नसेल तर 4,800 रुपये पुढील हप्त्यातून वजा करावेत. आठ दिवसांत लेखी उत्तर मिळावे ही विनंती."

रेकॉर्डिंग बाहेर फुटेल ही क्लासवाल्यांची खरी धास्ती असते, म्हणून ती ओळ गाळू नये. मुदतीचेही तसेच. पुष्कळ ठिकाणी रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांनी बंद होते, आणि आपल्या पाड्यांवर तर मोबाईलला रेंज मिळायची मारामार! अॅपमध्ये उतरवून ठेवायची सोय आहे का, ते विचारावे. असेल तर जव्हारच्या बाजारात आलेल्या दिवशी उतरवून घेता येते.

हप्ता बाकी असेल तर अर्ज तो भरण्याआधी द्यावा. पैसे हातात पडल्यावर उत्तराची घाई कोणाला? मात्र फी कर्जकंपनीमार्फत भरली असेल तर हप्ता परस्पर थांबवू नये. ते कर्ज आपल्या नावावर असते, आणि क्लासचा वाद कंपनी ऐकत नाही.

"भरलेली फी कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही" हे पावतीवरचे वाक्य दाखवले जाईल. ते वाचून गप्प बसू नये. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2020 च्या एका निकालात शाळा-महाविद्यालयांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवले, पण खाजगी क्लासेसना नाही. उत्तर आले नाही तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. हेल्पलाइन क्लासशी बोलून तडजोड घडवू पाहते, हुकूम देत नाही. त्यानेही भागले नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, आणि क्लास नाशिकला असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यासाठीच्या आयोगाकडे अर्ज करता येतो. पण 4,800 रुपयांसाठी तारखांना किती खेपा घालायच्या, याचा विचार घरात आधी करावा. मूल क्लासच सोडणार असेल आणि मोठी रक्कम अडकली असेल, तर तो मार्ग धरण्यासारखा आहे.