तारखांच्या वजाबाकीतला एक दिवस

एक्सेलच्या तक्त्यात तारीख म्हणून जे दिसते तो आत एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, त्यानंतर दर दिवसाला एक वाढतो. त्या हिशेबाने १५ जानेवारी २०२४ हा ४५३०६ आणि १५ मार्च २०२४ हा ४५३६६. A2 मध्ये पहिली आणि B2 मध्ये दुसरी तारीख असेल, तर दोन तारखांमधले दिवस साध्या वजाबाकीने निघतात:

```
=B2-A2
```

उत्तर ६०. वजाबाकीत दोन्ही टोकांपैकी एकच दिवस मोजला जातो. १५ जानेवारीला घेतलेले कर्ज १५ मार्चला फेडले, तर व्याज साठच दिवसांचे. मात्र त्याच तारखांची रजा असेल आणि दोन्ही दिवस घरी काढले असतील, तर रजा एकसष्ट दिवसांची होते आणि सूत्रात एक मिळवावा लागतो:

```
=B2-A2+1
```

दोन्ही सूत्रे आपापल्या जागी बरोबर आहेत. बिघडते ते एकाचे सूत्र दुसऱ्याच्या कामाला लावले की. एक लाख रुपयांवर वर्षाला १० टक्के दराने, वर्षाचे ३६५ दिवस धरून, साठ दिवसांचे व्याज १६४३ रुपये ८४ पैसे होते आणि एकसष्ट दिवसांचे १६७१ रुपये २३ पैसे. फरक सत्तावीस रुपयांचा, म्हणून एका ओळीत तो नजरेतून सुटतो. शेकडो खात्यांच्या बेरजेत तो ठळक होतो.

चूक शोधताना ती किती दिवसांची आहे हे आधी पाहावे, कारण चुकीचा आकारच बहुधा तिचे कारण सांगतो. मुदत दहा दिवसांची असो वा हजार दिवसांची, प्रत्येक ओळ नेमकी एका दिवसाने चुकत असेल, तर शेवटचा दिवस धरायचा की नाही यातच गोंधळ आहे. मुदतीचे तुकडे पाडले असतील, तर चूक तुकड्यांबरोबर वाढते. वरची मुदत १५ ते ३१ जानेवारी, ३१ जानेवारी ते २९ फेब्रुवारी आणि २९ फेब्रुवारी ते १५ मार्च अशी तोडली, तर नुसत्या वजाबाकीने १६, २९ आणि १५ मिळून साठच येतात. प्रत्येक तुकड्यात एक मिळवला, तर बेरीज ६३ होते, म्हणजे सबंध मुदतीच्या एकसष्टपेक्षा दोन जास्त. ३१ जानेवारी आणि २९ फेब्रुवारी हे सांध्याचे दिवस दोनदा मोजले गेले. उलट पुढचा तुकडा १ तारखेपासून सुरू केला आणि एक मिळवायचे राहिले, तर १६, २८ आणि १४ मिळून ५८ भरतात. तुकड्यांची बेरीज सबंध मुदतीशी ताडून पाहणे ही सर्वांत खात्रीची तपासणी आहे. हप्त्यांच्या प्रत्येक तक्त्याखाली तिला एक ओळ द्यायलाच हवी.

काही ओळी बरोबर आणि काहीच चुकलेल्या असतील, तर त्या मुदतींत २९ फेब्रुवारी येतो का ते पाहावे. १ एप्रिल २०१९ ते १ एप्रिल २०२४ ही पाच वर्षे. ३६५ ला पाचने गुणून १८२५ येतात, वजाबाकीने १८२७. २०२० आणि २०२४ या दोन लीप वर्षांचे दोन दिवस गुणाकारात हरवले. तारखांच्या वजाबाकीत लीप दिवस आपोआप धरला जातो. चुकतो तो हाताने लिहिलेला ३६५. मात्र व्याजाच्या सूत्रात भागायचे ३६५ ने की ३६६ ने, हे कॅलेंडर सांगत नाही, करार सांगतो.

A2 मध्ये नुसते वर्ष लिहून त्या वर्षाचा फेब्रुवारी किती दिवसांचा हे असे तपासता येते:

```
=DAY(DATE(A2,3,0))
```

मार्चचा शून्यावा दिवस म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा. २०२४ ला २९ येतात, २१०० ला २८, कारण शतकाचे वर्ष ४०० ने भाग गेला तरच लीप असते. १९०० ला मात्र एक्सेल २९ सांगते आणि ते चूक आहे. त्या काळी चालणाऱ्या लोटस १-२-३ शी जुळवून घेण्यासाठी ही चूक मुद्दाम ठेवली गेली. म्हणूनच उत्तराच्या सेलला तारखेचे स्वरूप राहून गेले, तर साठ दिवसांऐवजी तिथे २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उजाडलेली तारीख दिसते. अशा वेळी सूत्राला हात न लावता सेलचे स्वरूप आकड्याचे करावे. मार्च १९०० नंतरच्या तारखांच्या वजाबाकीला या जुन्या चुकीची बाधा होत नाही.

तक्ता दुसऱ्याच्या हाती देण्यापूर्वी रकान्याच्या शीर्षकात नुसते ‘अखेर’ न लिहिता ‘अखेरचा दिवस धरून’ किंवा ‘अखेरचा दिवस सोडून’ असे स्पष्ट लिहावे.