तराजूवर मोजलेली वीज

1880च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये थॉमस एडिसनच्या कंपनीने घराघरांत वीज द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिचे बिल ठरवायला फिरणारी चकती किंवा आकडे दाखवणारा मीटर नव्हता. ग्राहकाच्या घरी एक काचेची बरणी असे. तिच्यात जस्ताच्या क्षाराचे द्रावण आणि जस्ताच्या दोन पट्ट्या. घरात येणाऱ्या विजेचा एक ठरलेला, अगदी छोटा हिस्सा या बरणीतून जाई. ठरावीक काळाने कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई आणि त्या तराजूत टाकून वजनात किती फरक पडला ते पाही. बिल त्या फरकावरून निघे.

ग्रॅमवरून वीज मोजता येते, हे एडिसनच्या आधी जवळपास 50 वर्षे मायकेल फॅराडेने दाखवले होते. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेत तांब्याचा मुलामा देताना आपण तोच हिशेब पुन्हा मांडतो.

मुलामा आणि कल्हई यांत गल्लत नको. कल्हईवाला कथील वितळवून तापलेल्या भांड्यावर फासतो. तिथे काम उष्णतेचे आणि हाताचे. विद्युत विलेपनात धातू वितळत नाही, तो पाण्यातून येतो. मोरचूद पाण्यात विरघळला की तांब्याचे अणू आयनांच्या रूपात मोकळे होतात. प्रत्येक आयनाजवळ दोन इलेक्ट्रॉनांची तूट असते. बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली पट्टी, म्हणजे ऋणाग्र, ही तूट भरून देते. दोन इलेक्ट्रॉन मिळाले की आयनाचा पुन्हा अणू होतो आणि तो पट्टीवर बसतो.

Cu²⁺ + 2e⁻ → Cu

समोरच्या तांब्याच्या पट्टीवर, म्हणजे धनाग्रावर, याच्या नेमके उलट घडते. तिथले अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन सोडून द्रावणात उतरतात. एकीकडे जेवढे तांबे बसते तेवढेच दुसरीकडून विरघळते, म्हणून द्रावणाचा निळा रंग प्रयोगभर तसाच राहतो.

सगळा हिशेब त्या ‘दोन’वर उभा आहे. प्रत्येक अणूची किंमत दोन इलेक्ट्रॉन, त्यात घासाघीस नाही. मग किती अणू बसले हे किती इलेक्ट्रॉन पोचले यावरूनच ठरणार. इलेक्ट्रॉन मोजायचे कसे? अँपिअर म्हणजे दर सेकंदाला किती प्रभार वाहतो ते. त्याला सेकंदांनी गुणले की एकूण प्रभार कूलोममध्ये मिळतो. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार सुमारे 96,485 कूलोम असतो आणि एक मोल तांब्याचे वजन 63.55 ग्रॅम. म्हणून

m = (I × t × 63.55) ÷ (2 × 96485)

सोप्या भाषेत, एका कूलोमला 0.329 मिलिग्रॅम तांबे.

आता प्रत्यक्ष प्रयोग. 250 मिलिलिटर द्रावणासाठी साधारण 50 ग्रॅम मोरचूद आणि सुमारे 8 मिलिलिटर संहत सल्फ्युरिक आम्ल लागते. आम्ल नेहमी पाण्यात हळूहळू ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही, आणि हे काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करायचे. आम्लामुळे द्रावणातून वीज सहज वाहते. दोन्ही पट्ट्या तांब्याच्या घ्याव्यात. लोखंडी किल्लीवर मुलामा देण्याचा मोह होतो, पण किल्ली द्रावणात बुडवताच, बॅटरी जोडण्याआधीच, तिच्यावर लालसर थर येतो. लोखंड विरघळून तांब्याला जागा देते. हे तांबे विजेचे नव्हे, त्यामुळे हिशेब पहिल्याच मिनिटाला बिघडतो, शिवाय तो थर बोटाने पुसला जातो.

पट्टीचा 5 सेंमी × 4 सेंमी एवढा भाग बुडवला आणि दोन्ही बाजूंवर मुलामा बसू दिला, तर क्षेत्रफळ 40 चौ. सेंमी. धारा 0.5 अँपिअर, वेळ 30 मिनिटे. म्हणजे 0.5 × 1800 = 900 कूलोम, आणि अपेक्षित तांबे 0.296 ग्रॅम. हा थर सगळीकडे सारखा पसरला, तर त्याची जाडी जेमतेम 8 मायक्रोमीटर भरते.

एवढ्या कमी वजनाशी गाठ असल्यामुळे तराजू मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा हवा. पाण्याचा एक थेंब सुमारे 0.05 ग्रॅमचा, म्हणजे आपल्या तांब्याच्या सहाव्या हिश्शाएवढा. पट्टी नीट वाळली नाही तर निकालात पाणीच मोजले जाईल. पट्टी पाण्यात अलगद बुडवून धुवावी, पुसू नये आणि जास्त तापवूनही वाळवू नये, कारण तापलेले तांबे हवेतला ऑक्सिजन घेऊन काळवंडते आणि वजन वाढते.

समजा, वहीत ऋणाग्राच्या वजनातली वाढ 0.279 ग्रॅम आली, अपेक्षेपेक्षा 6 टक्के कमी. बरेच जण इथे ‘मानवी चूक’ लिहून मोकळे होतात. पण दुसरी पट्टी साक्षीदार आहे, तिलाही तोला. धनाग्राची घट 0.297 ग्रॅम असेल, तर वीज पुरेपूर गेली होती आणि तांबे बसूनही गळून पडले. बीकरच्या तळाशी लालसर भुकटी दिसेलच. उलट घटही 0.280च्या आसपास असेल, तर दोन्ही पट्ट्या एकच गोष्ट सांगतात: वीजच कमी गेली. बॅटरी हळूहळू उतरली आणि आपण सुरुवातीचा 0.5 आकडाच धरून बसलो. म्हणून दर पाच मिनिटांनी अँमीटरचा आकडा टिपावा आणि रिओस्टॅटने धारा जागेवर आणावी.

तांबे गळते का, याचे उत्तर सूत्रात नाही. 0.25 अँपिअर एक तास, 0.5 अँपिअर अर्धा तास किंवा 3 अँपिअर पाच मिनिटे, तिन्ही वेळा प्रभार 900 कूलोमच. कागदावर तिन्ही सारखे. पण 3 अँपिअरला पट्टीलगतचे आयन इतक्या झपाट्याने संपतात की लांबून नवे पोचेपर्यंत तुटवडा पडतो. तांबे मग गुळगुळीत न बसता काळपट, दाणेदार, भुसभुशीत होते. तुटवडा फार वाढला, तर उरलेले इलेक्ट्रॉन हायड्रोजनवर खर्च होतात आणि पट्टीवर बुडबुडे दिसतात. तो प्रभार तांब्याच्या खात्यात जमा होत नाही. किती तांबे बसणार हे एकूण प्रभार सांगतो, ते कसे बसणार हे दर चौरस सेंटिमीटरला किती धारा पडते यावर ठरते. आपल्या प्रयोगात ती 12.5 मिलिअँपिअर आहे, आणि ढवळल्याशिवायच्या साध्या द्रावणाला तेवढी झेपते.

आता त्याच 0.279 ग्रॅमकडे उलट्या बाजूने पाहा. थर घट्ट आहे, तळाशी भुकटी नाही, दोन्ही पट्ट्यांचे आकडे जुळतात आणि अँमीटरचा काटाही अर्धा तास 0.5वरून हललेला नाही. 0.279 ग्रॅमला सुमारे 847 कूलोम लागतात, म्हणजे खरी धारा 0.47 अँपिअर होती. चूक अँमीटरची आहे आणि ती तराजूने पकडली. हा युक्तिवाद इतका भरवशाचा होता की 1893 साली शिकागोच्या परिषदेत अँपिअरची आंतरराष्ट्रीय व्याख्याच त्यावर बेतली गेली: जी धारा दर सेकंदाला 0.001118 ग्रॅम चांदी बसवते, ती एक अँपिअर. 1948 पर्यंत ते एकक चालले. चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन पुरतो आणि तिचा अणूही जड, म्हणून आपल्या 900 कूलोममध्ये तांब्याच्या 0.296 ग्रॅमऐवजी चांदी 1.006 ग्रॅम बसली असती.