प्रमुख पाहुण्यांचा दोन मिनिटांचा परिचय

डॉक्टरांच्या तालुका संघटनेचा वार्षिक मेळावा आहे आणि प्रमुख पाहुणे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आहेत, असे समजू. परिचय तुम्ही करून द्यायचा आहे. हातात पदव्या, शोधनिबंध, पुरस्कार अशी लांबलचक माहितीपत्रिका आहे. ती क्रमाने वाचली, तर तिसऱ्या ओळीला सभागृहात मोबाइल बाहेर निघतात.

म्हणून पत्रिकेतले एकच काम निवडावे. समोर बसलेल्यांच्या रोजच्या कामाला भिडणारे. इथे ते सहज सापडते, विंचूदंशाचे. सुरुवात अशी करता येईल: ‘लाल विंचू चावलेला रुग्ण आपल्या डोळ्यांदेखत दगावायचा, ते दिवस इथल्या ज्येष्ठांना आठवत असतील. विषामुळे रक्तदाब भडकायचा, हृदय थकायचे, फुप्फुसांत पाणी भरायचे. त्या काळात कोकणातल्या सरकारी दवाखान्यातला एक तरुण डॉक्टर अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत होता. रक्तदाबावरचे प्राझोसिन इथे जीव वाचवते, हे त्यांनी दाखवले आणि लॅन्सेटसारख्या नियतकालिकाने त्यांच्या कामाची दखल घेतली.’ पुढे 2022च्या पद्मश्रीचे एक वाक्य, आजच्या व्याख्यानाचा विषय आणि सगळ्यात शेवटी नाव. नाव शेवटी आले की टाळ्या आपोआप योग्य जागी पडतात.

हेच पाहुणे बँक कर्मचाऱ्यांच्या मेळाव्यात असते, तर प्राझोसिन हे नाव गाळून ‘नेहमीची स्वस्त गोळी’ एवढेच म्हटले असते. श्रोते बदलले की तपशील बदलतात.

आठवडाभर आधी पाहुण्यांना फोन करावा. सध्याचे पद, नावाचा उच्चार आणि ते कशावर बोलणार, हे त्यांच्याकडूनच विचारून घ्यावे, कारण पत्रिका बहुधा जुनी असते. विंचवाची हकिकत ते स्वतःच सांगणार असतील, तर आपण ती अर्ध्यावर थांबवावी; औषध कसे सापडले, हे त्यांच्या तोंडून ऐकण्यातच गोडी आहे. प्रास्ताविक करणाऱ्याशीही बोलून घ्यावे. तोही पाहुण्यांचे गुणगान करणार असेल, तर सभेला एकच परिचय दोनदा ऐकावा लागतो. आमच्याकडे हे फार वेळा घडते आणि पाहुण्यांनाच अवघडल्यासारखे होते.

परिचयाला ऊब येते ती विंचवाच्या हकिकतीसारख्या नेमक्या तपशिलातून. ‘थोर’, ‘अष्टपैलू’ ही विशेषणे कुणालाही लागू पडतात, म्हणून ती कुणाचीच ओळख करून देत नाहीत. ‘यांना परिचयाची गरज नाही’ हे वाक्य तर टाळावेच. सभेतल्या नव्या डॉक्टरांना ती गरज असते.

सावकाश बोलताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, तेव्हा मजकूर दोन-अडीचशे शब्दांचा पुरे. घरी घड्याळ लावून मोठ्याने वाचा. वेळ उलटत असेल, तर पुरस्कार कापा, विंचवाची हकिकत राहू द्या.