गृहकर्जाची चौकशी : कोणता प्रश्न कधी विचारावा?

घर घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, आपल्याला कर्ज किती मिळेल? त्याचं उत्तर शोधायला बँकेच्या किंवा वित्तसंस्थेच्या संकेतस्थळावर जावं, तर पुष्कळदा पॅन, जन्मतारीख, कंपनीचा पत्ता, सहअर्जदाराची माहिती अशा रकान्यांची लांबलचक रांग समोर येते. निम्म्यावर आल्यावर पगारपत्रक शोधायला उठावं, तेवढ्यात पान बंद होतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. हा त्रास टाळण्यासाठी टप्प्याटप्प्याचे फॉर्म बनवले जातात. पण लांब फॉर्मचे पाच तुकडे करून पाच पानांवर टाकले म्हणजे असा फॉर्म तयार होत नाही. प्रत्येक प्रश्नाच्या उत्तराने पुढचं काही बदलतं का, हे पाहून त्याची जागा ठरवावी लागते.

मुळात चौकशी आणि अर्ज या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. अर्जाच्या वेळी बँक पॅनच्या आधारे तुमचा पतअहवाल मागवते आणि तशी नोंद त्या अहवालात राहते. थोड्या काळात अशा अनेक नोंदी झाल्या तर ३०० ते ९०० या पट्टीवर मोजला जाणारा सिबिल स्कोअर खाली येऊ शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिला तर मात्र त्याचा परिणाम होत नाही. म्हणून नुसत्या अंदाजासाठी आलेल्या माणसाकडे पहिल्याच पानावर पॅन मागणं चूक आहे. अंदाज त्याच्याशिवायही देता येतो.

एक उदाहरण घेऊ. एका शिक्षिकेला ४० लाखांचा फ्लॅट घ्यायचा आहे. पहिला टप्पा घराची किंमत विचारतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतचं गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत आणि ३० ते ७५ लाखांपर्यंतचं कर्ज ८० टक्क्यांपर्यंतच देता येतं. त्यामुळे या घरावर जास्तीत जास्त ३२ लाख मिळू शकतात. दुसरा टप्पा विचारतो, उत्पन्न कशातून येतं? त्या ‘नोकरी’ निवडतात. म्हणून तिसऱ्या टप्प्यात फक्त दोन प्रश्न येतात : हातात पडणारा मासिक पगार आणि आधीच्या कर्जांचे हप्ते. ‘व्यवसाय’ निवडला असता तर इथे आयकर विवरणपत्रातलं गेल्या काही वर्षांचं उत्पन्न विचारावं लागलं असतं. नोकरदाराला तो रकाना दिसण्याचं कारणच नाही.

त्यांचा पगार ६० हजार आणि चालू हप्ता ६ हजार आहे. सगळे हप्ते मिळून हाती येणाऱ्या पगाराच्या साधारण निम्म्यात बसावेत, असा हिशोब धरू. हे प्रमाण बँकेगणिक आणि उत्पन्नागणिक बदलतं. ३० हजारांतून ६ हजार वजा केले की नव्या हप्त्यासाठी २४ हजार उरतात. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षांची मुदत धरली तर एका लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता बसतो. म्हणजे कर्ज साडेसत्तावीस लाखांच्या आसपास, आणि स्वतःजवळचे साडेबारा लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च आणखी वेगळा.

कर्जाची रक्कम उत्पन्नामुळे अडली आहे, हे आता फॉर्मला कळलं. म्हणून ‘पती किंवा पत्नीचं उत्पन्न जोडायचं आहे का?’ हा प्रश्न इथे येतो. पतीचा २५ हजारांचा पगार जोडला आणि त्यांच्यावर हप्ता नसला, तर त्याच हिशोबाने ४२ लाख परवडतात. आता अडसर उत्पन्नाचा राहिला नाही, तर घराच्या किमतीचा झाला. कर्ज ३२ लाखांवरच थांबणार. मग भाडं, व्याज किंवा इतर मिळकत विचारून काहीही बदलणार नाही. फॉर्मने ते विचारू नये.

भरलेली माहिती जपून ठेवण्याचा भाग जास्त अवघड आहे. ‘पुढे’ दाबताक्षणी त्या टप्प्यातली उत्तरं साठवायला हवीत, शेवटी एकदम नव्हे. ती फक्त त्याच फोनमध्ये राहिली, तर दुसऱ्या फोनवर मिळणार नाहीत. शिवाय घरातला फोन चौघं वापरतात, काही जण सेवा केंद्राच्या संगणकावर फॉर्म भरतात. तिथे पुढच्या माणसाला आपला पगार दिसेल. म्हणून उत्तरं संस्थेकडे सुरक्षित ठेवावीत आणि परत उघडताना मोबाइलवर ओटीपी मागावा. नुसती लिंक दाबून सगळी माहिती उघडी पडत असेल, तर तो फॉर्म सुरक्षित नाही.

मोबाइल क्रमांक लागणार तो इथे. तो पहिल्याच पानावर घेण्याचा मोह संस्थांना होतो, कारण मग माणूस मध्येच निघून गेला तरी त्याला फोन करता येतो. योग्य जागा मात्र ‘इथवरची माहिती जपून ठेवायची का?’ या प्रश्नाशेजारी आहे. तिथे क्रमांक कशासाठी हवा, हे वाचणाऱ्याला आपोआप समजतं. विक्रीच्या फोनसाठीची संमती वेगळी मागावी आणि त्या चौकटीत आधीच खूण केलेली नसावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं तत्त्वही हेच आहे : माहिती सांगितलेल्या कामासाठी, आणि त्या कामाला लागेल तेवढीच.

सर्वांत लबाड चूक उत्तर बदलल्यावर होते. एखाद्याने आधी ‘नोकरी’ निवडून ६० हजार पगार लिहिला, मग मागे जाऊन ‘व्यवसाय’ केलं आणि ५० हजारांचं मासिक उत्पन्न भरलं. पगाराचा रकाना पडद्यावरून गेला, पण साठवणीत राहिला, तर हिशोबात १ लाख १० हजार धरले जातील. फॉर्म मोठा आकडा दाखवेल, माणूस त्या भरवशावर इसार देईल आणि कागदपत्रं पाहिल्यावर बँक कर्ज कमी करेल. मूळ उत्तर बदललं की त्यावर अवलंबून असलेली उत्तरं हिशोबातून काढलीच पाहिजेत. जुन्या उत्तरांचंही तसंच. दोन महिन्यांनी फॉर्म उघडला तर पगार आणि हप्ते तेच आहेत का, हे पुन्हा विचारायला हवं.

चांगला फॉर्म ओळखायला तीन गोष्टी करून पाहाव्यात. तीन टप्पे भरून पान बंद करा आणि दुसऱ्या फोनवर उघडा. मागे जाऊन उत्पन्नाचा प्रकार बदला आणि शेवटच्या गोषवाऱ्यात जुना आकडा उरला आहे का ते पाहा. पगार टाकल्यावर तो अक्षरांत दिसतो का, हेही बघा. ‘साठ हजार रुपये दरमहा’ असं समोर आलं की एक शून्य जास्त पडलेलं किंवा वार्षिक पगार लिहिलेला लगेच लक्षात येतो.

कमी प्रश्नांचा हा नियम आरोग्यविम्याला लावताना मात्र एक मर्यादा पाळावी लागते. ‘मधुमेह आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’ आलं तर औषधांचे आणि वर्षांचे प्रश्न लपवणं योग्यच. पण मूळ प्रश्न गाळणं किंवा त्यात आधीच ‘नाही’ भरून ठेवणं घातक आहे, कारण आजार सांगितला नाही म्हणून पुढे दावा नाकारला जाऊ शकतो. तिथे प्रत्येक आजाराला माणसाने स्वतः उत्तर दिल्याशिवाय फॉर्मने पुढे जाऊ नये, मग त्याला आणखी दोन मिनिटं लागली तरी चालतील.