वायपर ठीक, डोळा बिघडलेला

चिपळूणच्या एका ओळखीच्या डॉक्टरबाईंच्या गाडीची पुढची काच मे महिन्यात बदलली. महामार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला खडा काचेवर बसला होता आणि तडा वाढत चालला होता. नवी काच बसल्यावर चार दिवसांनी, कडकडीत उन्हात, वायपर आपोआप फिरू लागले. कोरड्या काचेवर रबर घासल्याचा आवाज येत राही. पुढच्या आठवड्यात मीटरवर वायपरच्या खुणेचा पिवळा दिवा लागला आणि "ऑटो वायपर तपासा" अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला. पावसाळा तोंडावर होता. वायपरची मोटर गेली असे समजून बाई धास्तावल्या. मोटर मात्र अगदी धडधाकट होती.

आरशामागे, काचेला आतून चिकटवलेली काडेपेटीएवढी काळी डबी असते. तिच्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश काचेत तिरपा सोडला जातो, साधारण 45 अंशांत. काच बाहेरून कोरडी असेल तर हा प्रकाश बाहेर पडूच शकत नाही. काच आणि हवा यांच्या सीमेवर 42 अंशांपेक्षा तिरपा आलेला किरण पूर्ण परावर्तित होऊन आतच येतो. काचेवर पाण्याचा थेंब पडला की ती मर्यादा 60 अंशांच्या वर जाते, आणि 45 अंशांचा किरण थेंबातून बाहेर निसटतो. डबीकडे परत येणारा प्रकाश कमी होतो. किती कमी झाला आणि किती वेगाने, यावरून वायपर किती जोरात फिरवायचा हे ठरते.

म्हणजे हा सेन्सर पाऊस पाहत नाही. परत आलेल्या प्रकाशातली तूट तो मोजतो. त्याची बहुतेक दुखणी यातूनच उगवतात, कारण तूट कशानेही पडली तरी त्याला ती पाण्यासारखीच भासते. शिवाय तो पाहतो ती काचेवरची जेमतेम दोन-तीन बोटांची जागा. वायपरचे रबर जुने होऊन नेमके तिथेच पाण्याची रेघ सोडत असेल, तर पाऊस थांबल्यावरही वायपर दोन-चार फेऱ्या मारतो. तो बिघाड नव्हे, त्यावर दिवा लागत नाही आणि उपाय फक्त नवे रबर एवढाच आहे.

डॉक्टरबाईंच्या गाडीत दोष होता डबी आणि काच यांच्या मध्ये. तिथे पारदर्शक, मऊ जेलची पातळ चकती असते. डबीतला प्रकाश हवेतून न जाता थेट काचेत शिरावा, हे तिचे काम. काच बदलताना जुनीच चकती पुन्हा लावली गेली होती. तिला धूळ लागलेली, कडा सुटलेल्या, मध्ये हवेचा फुगा. उन्हात काच तापली की फुगा पसरे, प्रकाश वाटेतच फाके, परत येणारा प्रकाश घटे आणि सेन्सरला वाटे पाऊस आला. वायपर फिरूनही आकडा सुधारेना, तेव्हा गाडीच्या कंप्युटरने या सेन्सरवर विश्वास ठेवणे सोडले आणि दिवा लावला.

पिवळा दिवा सांगतो तो एवढाच: आपोआप ठरवणारा डोळा आता भरवशाचा नाही. वायपर किंवा हेडलाइट बंद पडले आहेत, असे तो म्हणत नाही. म्हणून दिवा लागल्यावर पहिले काम, गाडी बाजूला उभी करून वायपरची दांडी AUTO वरून काढून हाताने हळू आणि जोरात अशा दोन्ही वेगांवर फिरवून पाहायची. काच ओली करून घ्यायची, कोरड्यावर नाही. दोन्ही वेग चालले तर मोटर, तिची जोडणी आणि फ्यूज ठीक आहेत, प्रवास पुढे चालू ठेवता येतो. हातानेही चालत नसेल तर दोष सेन्सरचा नाही. मग फ्यूज आणि मोटरच पाहावी लागते, आणि पावसात तशी गाडी रस्त्यावर काढू नये.

गॅरेजवाला स्कॅनर लावतो तेव्हा आणखी एक फरक कळतो. U0231 असा कोड आला तर पावसाच्या सेन्सरशी कंप्युटरचा संपर्कच तुटलेला असतो. आरसा हलवताना निघालेली पिन किंवा पाणी शिरलेला कनेक्टर आधी पाहावा. संपर्क आहे पण मोजमाप पटत नाही, असा कोड असेल तर चकती आणि काच पाहावी. बाईंच्या गाडीत दुसरा प्रकार निघाला. नवी चकती एका कडेपासून दाबत, फुगा न राहू देता बसवली, कोरड्या काचेचे मोजमाप सेन्सरला पुन्हा शिकवले आणि दिवा गेला. सेन्सर तोच राहिला.

याच डबीत बहुतेकदा हेडलाइटसाठीचा प्रकाशाचा सेन्सरही असतो. काही गाड्यांत तो डॅशबोर्डवर काचेजवळ छोट्या काळ्या घुमटीत असतो. त्यावर फडके, पार्किंगची पावती किंवा गणपतीची मूर्ती आली की त्याला अंधार झाला असे वाटते आणि भरदिवसा हेडलाइट लागतात. खरा बिघाड झाला तर अनेक गाड्यांत कंप्युटर सुरक्षित बाजू धरतो आणि दिवे चालूच ठेवतो. म्हणून दुपारी दिवे जळत आहेत आणि मीटरवर पिवळा इशाराही आहे, तर बल्ब पाहू नका, सेन्सर पाहा. बल्ब गेल्याची खूण वेगळी असते: उद्गारचिन्ह असलेला दिवा. दोन्ही पिवळ्या असल्याने लोकांची गल्लत होते, पण पहिलीत दिवे लागतात, दुसरीत एक दिवा लागत नाही.

बिघाड नसतानाही या सेन्सरची एक मर्यादा जीव घेऊ शकते, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तो उजेड मोजतो, दृश्यमानता नाही. आंबोलीत किंवा ताम्हिणी घाटात जुलैच्या दुपारी धुके दाटते, वीस पावलांवरचे दिसत नाही, पण पांढऱ्या धुक्यातून उजेड भरपूर येतो. सेन्सरला दिवस वाटतो, हेडलाइट लागत नाहीत. पुढे दिवसा जळणारे पांढरे दिवे असतात, मीटर उजळलेला असतो, चालकाला वाटते दिवे चालू आहेत. मागचे लाल दिवे मात्र बंद असतात. काही गाड्यांत वायपर बराच वेळ सलग चालले की हेडलाइट लागतात, पण धुक्यात वायपर क्वचितच सलग चालतात. मीटरवर हेडलाइटची हिरवी खूण दिसत नसेल तर दिवे बंद आहेत, असेच धरा.

गाडी धुवायला देताना किंवा काच फडक्याने पुसताना दांडी AUTO वरून काढा, नाहीतर ओल्या फडक्यानेच वायपर उसळतो आणि पुसणाऱ्याची बोटे सापडतात. काच बदलून घ्यायची वेळ आली तर बिलात सेन्सरची नवी जेल चकती आहे का ते विचारा, आणि गाडी ताब्यात घेण्याआधी दांडी AUTO वर ठेवून आरशासमोरच्या जागी बाहेरून पाण्याचा फवारा मारून घ्या. वायपर लगेच फिरला आणि काच कोरडी झाल्यावर थांबला, तरच काम पुरे झाले.