इतिवृत्तातून सूचनाफलकाकडे

गृहनिर्माण संस्थेच्या सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त अनेक पानांचे असते आणि त्यातला बराचसा भाग चर्चेचा असतो. पार्किंगवरून कोण काय बोलले, कोणी आक्षेप घेतला, खजिनदारांनी काय खुलासा केला, हे सगळे त्यात येते. सभासदांना कळवायच्या सूचनेत मात्र फक्त ठराव हवेत. म्हणून प्रत्येक विषयाच्या शेवटी जाऊन सूचक व अनुमोदक यांची नोंद आधी पाहावी. ठराव बहुधा तिथेच सापडतो. ‘समितीने विचार करावा’ किंवा ‘अध्यक्षांनी सुचवले’ असे शब्द असतील, तर तो निर्णय नव्हे. अशा वाक्यांचा सूचनेत ‘ठरले’ झाला की पुढच्या सभेत वाद ठरलेलाच.

समजा, 48 सभासदांच्या संस्थेत 31 जण हजर होते. विषय 4, गच्चीची गळती: बाजूने 22, विरोधात 6, तटस्थ 3. बेरीज 31, म्हणजे हजेरीपटाशी जुळते. बेरीज 33 आली असती, तर एकाच सदनिकेतून दोन हात वर झाले असण्याची शक्यता असते. सदनिका संयुक्त नावावर असली तरी मत एकच. सूचनेतला मजकूर असा होईल: ‘गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी प्रत्येक सदनिकेने 12,000 रुपये दोन समान हप्त्यांत भरावेत, असा ठराव 22 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झाला, 3 सभासद तटस्थ राहिले.’ पुढे हप्त्यांच्या तारखा ठरावात असतील तशाच घ्याव्यात. ठरावात नसतील, तर सूचना लिहिणाऱ्याने मनाने घालू नयेत. विरोध करणाऱ्यांची नावे देण्याचे कारण नाही.

विषय 5 जास्त नाजूक आहे. उपविधीतील दुरुस्तीच्या बाजूने 18, विरोधात 10 आणि तटस्थ 3, अशी नोंद करून इतिवृत्तात ‘बहुमताने मंजूर’ लिहिले आहे. महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनुसार अशा दुरुस्तीला हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश मते लागतात. तटस्थ वगळता मतदान 28 जणांनी केले. त्यांचे दोन तृतीयांश म्हणजे 19 मते हवीत. एक कमी पडले. साध्या बहुमताची सवय इतकी पक्की असते की ही चूक सहज नजरेतून सुटते.

तरीही सूचनेत परस्पर ‘नामंजूर’ लिहिणे योग्य नाही. मतांचे आकडे सचिव व अध्यक्षांसमोर ठेवावेत आणि इतिवृत्त दुरुस्त होईपर्यंत तो विषय सूचनेतून बाजूला ठेवावा. 19 मते मिळाली असती, तरी उपनिबंधकांकडे नोंदणी होईपर्यंत ती दुरुस्ती अमलात येत नाही. तेवढे वाक्य सूचनेत घालावेच लागले असते.

तहकूब विषय ‘निर्णय नाही, पुढील सभेत’ एवढ्यावर संपतात. इतिवृत्त अजून मसुदाच असेल, तर तसे सूचनेच्या मथळ्याखाली नमूद करावे.